दहावीनंतर कुठली साइड घ्यायची? स्वतःला एकच प्रश्न विचारा

दहावीचा निकाल लागला की घराघरात एकच विषय, आता पुढे काय, आणि उत्तर द्यायला मुलाच्या आधी मामा, काका, क्लासचे सर, खालच्या मजल्यावरचा इंजिनियर दादा असे सगळे तयार असतात. त्यात 2025 पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालेत, आधी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्याच भागांत होते, म्हणजे आता तालुक्याच्या गावातल्या पोरांनाही पोर्टलवर बसून शाखा आणि कॉलेजं भरावी लागतात आणि त्या गडबडीत "सध्या सायन्स टाकू, पुढचं पुढे बघू" असं होऊन जातं. हा लेख त्या मुलांसाठी आहे ज्यांना अजून काहीच कळत नाहीये. ज्यांचं ठरलंय त्यांनीही वाचा, एक संध्याकाळ जाईल फार तर.

प्रश्न असा: कुठल्या विषयात अडलं तरी मी उठून जात नाही?

"मला काय आवडतं" हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाहीये. पंधरा-सोळाव्या वर्षी आवडणं हे बरंचसं कोण शिकवतं, मित्र काय घेतायत, कुठल्या विषयात कौतुक होतं यावर ठरतं. आणि "मला मार्क कशात जास्त पडले" हाही नाही. तो का नाही ते आधी नीट बघू.

## मार्कांवरून का कळत नाही?

आपल्या बोर्डात दहावीला गणिताचे दोन पेपर, प्रत्येकी 40 मार्कांचे, वर 20 अंतर्गत. विज्ञानाचंही तसंच. पेपरमधली बरीच गणितं स्वाध्यायासारखीच असतात, कधी फक्त आकडे बदललेले, त्यामुळे ज्यानं वर्षभर पुस्तक आणि मागचे पेपर सोडवलेत त्याला परीक्षेत खरं अडायची वेळ फार कमी येते. यात मुलांचा काही दोष नाही, मेहनत केलीय म्हणूनच मार्क पडलेत. पण ते मार्क सांगतात की ओळखीचा प्रश्न तुम्हाला किती छान सोडवता येतो. अनोळखी प्रश्न समोर आला की तुम्ही काय करता हे त्यातून दिसतच नाही.

विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात ना, तशी दहावी असते, डबा बांधून मुलगा किती झकास हात मारतो यावरून तो सुटल्यावर काय होईल ते सांगता येत नाही. अकरावीत डबा सुटतो, आणि तिन्ही शाखांत सुटतो, फक्त प्रत्येक शाखेत अडायची जागा वेगळी असते. ती कशी असते हे कुणी आधी दाखवत नाही म्हणून मुलं फसतात.

## सायन्सचं अडणं कसं असतं

दहावीच्या विज्ञान भाग 1 मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यात चेंडू सरळ वर फेकला, किती उंच जाईल, अशी गणितं आहेत. सूत्र माहीत असतं, आकडे टाकायचे, उत्तर आलं.

अकरावीत तोच चेंडू तिरका फेकतात. समजा 20 मीटर प्रति सेकंद वेगानं, जमिनीशी 30 अंशाचा कोन करून फेकला, तर किती लांब जाऊन पडेल? आता एकच सूत्र पुरत नाही. आधी वेगाचे दोन तुकडे करायचे, एक वर जाणारा आणि एक आडवा. वरचा तुकडा येतो 10, आडवा येतो 17.3. मग वरच्या तुकड्यावरून काढायचं की चेंडू हवेत किती वेळ राहील, ते येतं साधारण 2.04 सेकंद. आणि तो वेळ घेऊन आडव्या तुकड्याशी गुणायचं, उत्तर सुमारे 35 मीटर.

सांगितल्यावर सोपं वाटतं. पण पहिल्यांदा समोर आलं की बहुतेक मुलं अडतात, कारण तुकडे करायचे हे प्रश्नात कुठेच लिहिलेलं नसतं, ते तुम्हाला सुचावं लागतं. सायन्सचं अडणं हे असं असतं: सगळी माहिती समोर आहे, सूत्रं पाठ आहेत, तरी पहिलं पाऊल कुठे टाकायचं ते कळत नाही, आणि मग वीस मिनिटं कोऱ्या कागदाकडे बघत बसायचं. दोन वर्षं फिजिक्स आणि मॅथ्समध्ये हेच चालतं, केमिस्ट्रीचाही मोठा भाग असाच.

बायोलॉजीचं थोडं वेगळं. तिथे सुचण्यापेक्षा धरून ठेवायचं काम जास्त, शंभर नावं आणि एका प्रक्रियेतून दुसरी कशी निघते ती साखळी. तीन पानं वाचली आणि पहिलं पान विसरलं की पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं.

## कॉमर्सचं अडणं

कॉमर्सबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ते "सोपं" असतं. बुक-कीपिंग, ज्याला कॉलेजात सगळे बीके म्हणतात, ते दहावीपर्यंत आपण पाहिलेलंच नसतं, त्यामुळे तिथे प्रत्येकजण शून्यापासून सुरू करतो, 95 टक्केवालाही आणि 55 वालाही.

अकरावीच्या बीकेमध्ये बँक जुळवणी पत्रक नावाचा धडा आहे. दुकानदाराच्या स्वतःच्या वहीत बँकेतली शिल्लक एक दिसते आणि बँकेच्या पासबुकात दुसरी, तर हा फरक कुठून आला ते शोधायचं. समजा वहीत 15,000 आहेत. त्यानं माल देणाऱ्याला 3,000 चा चेक दिलाय पण तो अजून बँकेत गेलेला नाही. त्याला मिळालेला 4,500 चा चेक त्यानं बँकेत टाकलाय, तो अजून वटलेला नाही. आणि बँकेनं 200 रुपये चार्जेस कापलेत जे त्याला माहीतच नाहीत. पासबुकात किती दिसतील?

15,000 अधिक 3,000, वजा 4,500, वजा 200, म्हणजे 13,300.

यात बेरीज-वजाबाकीपलीकडे गणित काहीच नाही, आणि तरी मुलं इथे रडकुंडीला येतात, कारण कुठे अधिक आणि कुठे वजा हे ठरवताना सारखं बघावं लागतं की आपण आत्ता दुकानदाराच्या खुर्चीत आहोत का बँकेच्या. एक चिन्ह चुकलं की उत्तर जुळत नाही, आणि मग सगळ्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून तपासायच्या. कॉमर्सचं अडणं म्हणजे हे, न जुळणारा आकडा. काहींना याचा वैताग येतो आणि काही मुलांना तो आकडा जुळेपर्यंत जेवण गोड लागत नाही. दुसऱ्या प्रकारची मुलं खरंच असतात, आणि दहावीच्या मार्कलिस्टवर त्यांना ओळखायची काही सोय नाही याचं मला फार वाईट वाटतं.

## आर्ट्सचं अडणं

आर्ट्स म्हणजे पाठांतर असं लोक म्हणतात, तसा अभ्यास करून पासही होता येतं, पण ज्याला त्यात पुढे काही करायचंय त्याचं अडणं तिसऱ्याच प्रकारचं असतं.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. हेतू हा की देशात कांदा स्वस्त राहावा. शहरात भाजी घेणाऱ्याला बरं, आणि लासलगावला कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा भाव पडला. आता प्रश्न: हा निर्णय योग्य होता का? दोन्ही बाजूंनी एक-एक पान लिहा आणि शेवटी तुमचं मत कारणांसकट सांगा.

इथे मागे उत्तर दिलेलं नाही. दोन्ही बाजूंकडे खरं कारण आहे, आकडे दोघांकडे आहेत, आणि तुम्हाला ते सगळं वाचून, कुठला मुद्दा जड कुठला हलका ते ठरवून, स्वतःच्या शब्दांत मांडायचंय. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच. आणि आर्ट्सला गणित अजिबात नसतं हेही खरं नाही, अकरावीच्या अर्थशास्त्रातच चतुर्थक, दशमक काढायचा धडा आहे.

## मग हा प्रश्न स्वतःला विचारायचा कसा?

नुसता विचार करून उत्तर मिळणार नाही, करून बघावं लागेल. बालभारतीची अकरावीची पुस्तकं ebalbharati.in वर फुकट पीडीएफमध्ये मिळतात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मे-जूनमध्ये, मधल्या सुट्टीत तीन संध्याकाळी काढा.

एका संध्याकाळी फिजिक्सचा Motion in a Plane हा धडा, दुसऱ्या संध्याकाळी बीकेचा बँक जुळवणीचा, तिसऱ्या संध्याकाळी वरचा कांद्याचा प्रश्न किंवा राज्यशास्त्राचा एखादा धडा वाचून त्यावर दोन बाजू. जीवशास्त्र डोक्यात असेल तर चौथी संध्याकाळ त्याला. बीके एकदम मधून उघडलं तर डेबिट-क्रेडिट कळणार नाही, त्यामुळे त्याआधीची जर्नलची पानं वाचून घ्या नाहीतर कॉमर्सवाल्या ताईला अर्धा तास धरा. प्रत्येक वेळी पाऊण तास, फोन दुसऱ्या खोलीत. धडा वाचा, एक सोडवलेलं उदाहरण बघा, मग एक न सोडवलेलं घ्या.

तुम्ही अडणारच आहात, अडण्यासाठीच बसलोय. उत्तर बरोबर आलं का चूक याला इथे काही किंमत नाही. बघायचं ते एवढंच की अडल्यावर हातानं काय केलं. लगेच मागचं उत्तर उघडलं? पाणी प्यायला उठलात आणि परत यायला वीस मिनिटं लागली? का खोडून दुसऱ्या रस्त्यानं करून बघितलं? रात्री झोपताना तेच डोक्यात होतं का? त्याच संध्याकाळी दोन ओळी खरं-खरं लिहून ठेवा, कारण आठवड्यानं आठवलं तर आपण आपल्याला हवं तेच आठवतो.

## एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा एक मुलगी आहे, गणितात 93, विज्ञानात 91, सामाजिक शास्त्रांत 84. घरात सगळ्यांनी धरलंय की सायन्स, आणि तिला स्वतःला डॉक्टर व्हावंसं वाटतं कारण जीवशास्त्राच्या आकृत्या छान काढते.

फिजिक्सच्या संध्याकाळी ती दहा मिनिटांत उत्तराकडे गेली, आणि उत्तर वाचून "हो की, सोपंय" म्हणून पुढचं गणित घेतलं, तिथेही तेच. बीकेला तिचं उत्तर आधी 16,300 आलं, मग 7,700, चिडली, नोंदी पुन्हा लिहिल्या, आणि आई जेवायला हाका मारत असताना 13,300 काढूनच उठली. कांद्यावर अर्धं पान लिहिलं आणि कंटाळली. जीवशास्त्राच्या धड्यात आकृती मन लावून काढली, पण मजकूर दुसऱ्यांदा वाचायला नको वाटलं.

लगेच "कॉमर्स घे" म्हणायचं का? नाही, आधी एक गोष्ट तपासू. ती मराठी माध्यमातली आहे आणि फिजिक्सचं पुस्तक इंग्रजीत आहे, तर ती फिजिक्समध्ये अडली का इंग्रजीत? हा फरक फार महत्त्वाचा आहे, गावाकडची कितीतरी हुशार मुलं अकरावीच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत भाषेमुळे अडतात आणि "आपल्याला सायन्स झेपत नाही" असा समज करून घेतात. म्हणून तेच चेंडूचं गणित तिला मावसभावानं मराठीत समजावलं, आणि त्याच जातीचं दुसरं करायला दिलं. तिनं पुन्हा उत्तरच विचारलं. भाषा काढून टाकल्यावरही बसवत नाहीये, म्हणजे अडचण भाषेची नव्हती. उलट मराठीत ऐकल्यावर ती अर्धा तास झटत बसली असती तर मी तिला बिनधास्त सायन्स घे म्हणालो असतो, इंग्रजी येतंच सवयीनं.

आता डॉक्टर व्हायच्या इच्छेचं काय? नीटच्या पेपरात 180 प्रश्न असतात, त्यातले 90 बायोलॉजीचे, 45 केमिस्ट्रीचे आणि 45 फिजिक्सचे. म्हणजे 720 पैकी 180 मार्क त्या विषयाचे ज्यात ती दहा मिनिटं बसत नाही, आणि उरलेल्यातला अर्ध्याहून जास्त भाग अशा विषयाचा जो तिला दुसऱ्यांदा वाचवत नाही. आकृती काढायला आवडणं खरं आहे, पण त्यावर नीटची दोन-तीन वर्षं निघत नाहीत. हे तिला आत्ता कळलं तर डोळ्यांत पाणी येईल, बारावीनंतर दोन रिपीट करून कळलं तर त्याहून खूप जास्त त्रास होईल.

तिच्या बाबतीत मी कॉमर्स म्हणेन, आणि मॅथ्स घेऊन. हे मॅथ्सचं पुढे येतंच.

## "पण सायन्स घेतलं की सगळे रस्ते उघडे राहतात ना?"

यात खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. बारावी सायन्सनंतर बीकॉम, बीए, लॉ सगळीकडे जाता येतं, आर्ट्सवरून इंजिनियरिंगला येता येत नाही. त्यामुळे आधी हे बघा की तुमच्या मनातला रस्ता खरंच सायन्सशिवाय बंद आहे का.

इंजिनियरिंग, मेडिकल, फार्मसी, ॲग्री, आर्किटेक्चर यांना सायन्सचे विषय लागतात. एनडीएत नेव्ही आणि एअर फोर्सला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, पण आर्मीला कुठलीही शाखा चालते. बारावीनंतरचं पाच वर्षांचं लॉ, सीए, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट, पत्रकारिता आणि पदवीनंतरच्या एमपीएससी-यूपीएससी, यांना शाखेची अट नाही. "कलेक्टर व्हायचंय म्हणून सायन्स" हे मी इतक्यांदा ऐकलंय, त्या परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते हो.

आणि उघड्या रस्त्यांचीही किंमत असते. बारावीत फिजिक्स-मॅथ्समध्ये रखडत 45 टक्क्यांच्या आसपास आलात तर इंजिनियरिंगचा रस्ता कागदावरच उघडा राहतो, आणि त्या मार्कांवर चांगलं बीकॉमचं किंवा बीएचं कॉलेज मिळणंही अवघड होतं. जो रस्ता उघडा ठेवायला सायन्स घेतलं तोही गेला आणि बाकीचेही अरुंद झाले.

## "मला हातानं काम करायला बसवतं, पुस्तकात नाही"

मग अकरावीच का? मिक्सर उघडून बसलेला, गाडीचं कार्ब्युरेटर साफ करता-करता संध्याकाळ घालवणारा मुलगा असतो, त्याचं अडून बसणं तिथे आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, त्याला दहावीत 35 टक्के लागतात, आणि डिप्लोमानंतर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे इंजिनियर व्हायला अकरावी-बारावी सायन्स हा एकच रस्ता नाही. आयटीआयचे कोर्स एक-दोन वर्षांचे असतात. फक्त हे लक्षात ठेवा की डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातही मॅथ्स आणि फिजिक्स असतंच, ते टाळायला म्हणून डिप्लोमाला जाऊ नका.

## "मला कशातच बसवलं नाही तर?"

आधी बघा पाऊण तास खरंच फोन लांब होता का. मग बघा कुठला विषय एखाद्या मास्तरांमुळे नकोसा झालाय का, सातवीत वर्गासमोर अपमान झाला म्हणून गणित सोडलेली मुलं असतात, त्यांनी तो धडा दुसऱ्या कुणाकडून ऐकून पुन्हा बसावं. तरी काहीच नाही, तर ज्यात सगळ्यात उशिरा उठलात ते घ्या. दहा मिनिटं आणि पंचवीस मिनिटं यात फरक आहे.

आणि सगळ्यातच बसवत असेल तर वरचा रस्त्यांचा हिशोब लावा आणि सायन्स घ्या, तिथे तो हिशोब बरोबर लागू पडतो.

या परीक्षेनं पगार किती मिळेल किंवा तुम्ही किती हुशार आहात ते कळत नाही, फी परवडेल का तेही नाही. ते घरी बसून वेगळं बोलावं लागतं. आईबाबांशी बोलताना "मला नको" एवढंच म्हणालात तर वाद होतो, त्या दोन-दोन ओळींचा कागद समोर ठेवलात तर निदान बोलायला काहीतरी असतं.

## शाखा ठरल्यावर विषय निवडताना

इथे मुलं सगळ्यात जास्त गाफील असतात. कॉमर्सला बऱ्याच कॉलेजांत मॅथ्स किंवा एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, यातलं एक निवडावं लागतं, आणि एसपी सोपं म्हणून डोळे झाकून घेतात. सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक गणित, लॉजिक आणि संख्याशास्त्राचा आहे, दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला बारावीचं मॅथ्स लागतं. गणितात थोडंफार बसवत असेल तर मॅथ्स ठेवा. तसंच सायन्सला मॅथ्स सोडून भूगोल किंवा मानसशास्त्र घेतलं की इंजिनियरिंग संपलं, बायोलॉजी सोडून आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की नीट अवघड झालं, हे फॉर्म भरतानाच डोक्यात असू द्या.

आणि पोर्टलवर जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीक्रमानं टाकता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरला मित्रानं टाकलं म्हणून काहीतरी टाकू नका, त्या कॉलेजात तुम्हाला हवे ते विषय आहेत का हे आधी फोन करून किंवा जाऊन विचारा. कॉलेज कॉमर्सचं आहे पण मॅथ्सची तुकडीच नाही, असं निघू शकतं.